नाइफ प्लीट्सचा स्कर्ट घरी शिवायचा असेल तर: हिशोब सीटवरून लावा, कमरेवरून नाही

प्लीट्सचा स्कर्ट शिवून झाला, कंबर बरोबर बसली, आणि घातल्यावर मात्र सगळ्या प्लीट्स मागे-पुढे फाकल्यात, धारा कुठेच दिसत नाहीत, असं झालं की बहुतेक जण इस्त्रीला दोष देतात. इस्त्रीचा त्यात दोष असतोच असं नाही. बऱ्याचदा झालेलं असतं असं की प्लीट्सची रुंदी कमरेच्या मापाने काढली आणि तीच रुंदी सरळ खालपर्यंत ठेवली, मग सीट कमरेपेक्षा आठ-दहा इंच जास्त असते तर ते जादा इंच कुठून तरी यायलाच पाहिजेत ना, ते प्लीट्स उघडून येतात. म्हणून या लेखात मी एकच स्कर्ट घेणारे, मोठ्या बाईच्या मापाचा, सगळ्या प्लीट्स एकाच दिशेला, डाव्या बाजूला चेन, आणि त्याचं माप काढण्यापासून बेल्ट लावेपर्यंत सगळं सांगणारे. शाळेच्या युनिफॉर्मच्या स्कर्टला पण हेच लागू होतं, फक्त लहान मुलींच्या कमरेत आणि सीटमध्ये फार फरक नसतो त्यामुळे तिथे काम सोपं जातं.

माप असं धरू: कंबर २९ इंच, सीट ३८ इंच, कमरेपासून सीटचा सगळ्यात रुंद भाग ८ इंच खाली, आणि बेल्टच्या खाली स्कर्टची लांबी २४ इंच.

कापड कुठलं घ्यायचं

इथे हौसेपेक्षा कापडाचा स्वभाव बघा. पॉलिस्टर असलेलं कापड, म्हणजे युनिफॉर्मचं टेरिकॉट, पॉलिस्टर-व्हिस्कोस सूटिंग, किंवा टेरीवूल, ही घडी धरून ठेवतात, कारण पॉलिस्टर उष्णतेने नरम पडतं आणि ज्या आकारात गार होतं तोच आकार पकडून ठेवतं. निव्वळ लोकरीचं कापड वाफेने छान घडी घेतं, ओलं झालं की थोडी सोडतं. निव्वळ कॉटनला इस्त्री झकास बसते पण पहिल्या धुण्यात सगळं सपाट, मग दर वेळी वीस प्लीट्स नव्याने पाडत बसा. रेयॉन तर नकोच, ते लोळतं आणि खाली लटकून लांब होतं.

दुकानातून आणल्यावर खात्री करायची असेल तर एक छोटा तुकडा कापून त्याची घडी करून नीट इस्त्री करा, गार होऊ द्या, मग पाण्यात बुडवून न पिळता वाळत घाला. वाळल्यावर घडीची रेघ दिसत असेल तर कापड चालेल. दिसतच नसेल तर त्या कापडाची साधी चुण्यांची फ्रिल शिवा, प्लीट्सच्या नादी लागू नका.

सूटिंगचा पन्हा साधारण ५८ इंच असतो आणि पुढचा सगळा हिशोब मी तोच धरून केलाय. कापड पावणेदोन मीटर घ्या. चेक्सचं असेल तर चेक्स जुळवायला थोडं जास्त, पण पहिल्यांदा करताय तर प्लेनच घ्या असं माझं मत.

हिशोब

सीट ३८, त्यात हालचालीसाठी २ इंच सैल धरा, झाले ४०. आता प्रत्येक प्लीट वरून २ इंच दिसावी असं ठरवलं तर ४० भागिले २, म्हणजे २० प्लीट्स. प्रत्येक प्लीटच्या खाली जे कापड लपतं त्याची खोली मी पावणेदोन इंच धरते, आणि ते कापड आत जाऊन परत येतं म्हणून दोनदा मोजायचं, म्हणजे साडेतीन इंच. दिसणारे २ आणि लपणारे साडेतीन, एका प्लीटला साडेपाच इंच कापड. वीस प्लीट्सना ११० इंच. ५८ पन्ह्याचे दोन तुकडे घेतले की प्रत्येकात १० प्लीट्स, म्हणजे ५५ इंच, आणि दोन्ही कडांना पाऊण-पाऊण इंच माया धरली तरी साडेछप्पन इंचात बसतं. खोली पूर्ण २ इंच ठेवायचा मोह होईल, पण मग १२० इंच लागतात आणि दोन पन्ह्यात ते मावत नाही. उगाच तिसरा जोड कशाला.

आता कंबर. २९ मध्ये १ इंच जास्त धरा, कारण प्लीट्सच्या थरांची जाडी आतल्या बाजूने जागा खाते, म्हणजे ३०. सीटवर ४० आणि कमरेवर ३०, दहा इंच कमी करायचेत आणि वीस प्लीट्स आहेत, तर प्रत्येक प्लीटने कमरेपाशी अर्धा इंच जास्त आत जायचं. म्हणजे कमरेपाशी प्लीट दीड इंच दिसणार, लपलेलं कापड साडेतीनचं ४ होणार. आणि हा अर्धा इंच हळूहळू कमी होत ८ इंच खाली सीटच्या रेषेवर शून्य होणार, तिथून पुढे तळापर्यंत सगळ्या रेषा एकमेकींना समांतर. स्कॉटलंडच्या किल्टमध्ये पण हेच करतात, सीटपासून कमरेपर्यंत प्लीट्स निमुळत्या करून शिवून टाकलेल्या असतात आणि त्याखाली मोकळ्या सोडलेल्या.

तुमचं माप वेगळं असेल तर याच क्रमाने जा: आधी सीट अधिक २, त्यावरून प्लीट्सची संख्या, मग पन्ह्यात बसेल अशी खोली, आणि शेवटी सीट-कमरेतला फरक प्लीट्सच्या संख्येने भागायचा. भागाकार पाऊण इंचाच्या वर जायला लागला तर प्लीट्सची संख्या वाढवा आणि रुंदी कमी करा, नाहीतर कमरेपाशी आतले थर एकमेकांवर चढून फार जाड होतं.

कापणं आणि आधी तळ शिवून घेणं

एका तुकड्याची लांबी २७ इंच: २४ स्कर्टची, २ तळाच्या दुमडीची, १ वर मायेची. कापण्याआधी कापडाचा आडवा धागा ओढून काढा आणि त्या रेघेवरच कात्री चालवा. दुकानदाराने तिरकी कापलेली कड सरळ समजून चाललात तर पुढे वीस प्लीट्स सगळ्या एका बाजूला कललेल्या दिसतात आणि तेव्हा काही करता येत नाही. दोन्ही तुकडे साडेछप्पन इंच रुंद करून घ्या, जिथे काठ जाड विणलेला आहे तो भाग कापून टाका. उरलेल्या कापडातून बेल्टसाठी ३४ इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद पट्टी काढून बाजूला ठेवा.

दोन तुकड्यांची फक्त एक बाजू जोडा, पाऊण इंच मायेने. दुसरी बाजू उघडीच राहू दे, तिथे शेवटी चेन येईल. सगळ्या कच्च्या कडांना इंटरलॉक करून आणा, वरची कड सोडली तरी चालते.

आता बऱ्याच जणींना उलटं वाटेल ते: तळ आधी दुमडायचा, प्लीट्स पाडायच्या आधी, कापड सपाट असताना. प्लीट्स पाडून झाल्यावर तीन थरांमधून दुमड घालणं म्हणजे शिक्षा आहे. २ इंच आत घ्या, इंटरलॉकची कड असल्याने परत आत मुडपू नका, एकेरी दुमडच ठेवा म्हणजे घडीच्या जागी गाठोडं होत नाही, आणि हाताने तुरपाई करा किंवा मशीनवर टीप मारा. उघड्या बाजूच्या दोन्ही टोकांना ३-४ इंच तुरपाई सोडून द्या, ती बाजू जोडल्यावर पूर्ण करायची. जोडाची शिवण जिथे दुमडीत जाते तिथे माया पाव इंच ठेवून कापा आणि उकलून इस्त्री करा, आणि दुमडीच्या जरा वर मायेला आडवा कट मारा म्हणजे वरची माया प्लीटच्या घडीबरोबर एका बाजूला पडू शकते.

तळ आधी झाला म्हणजे लांबीचा कमी-जास्तपणा नंतर वरूनच करायचा, हे डोक्यात ठेवा. म्हणून तर वर १ इंच माया ठेवली.

रेषा आखणं

प्रत्येक प्लीटला दोन रेषा लागतात. एक घडीची, जिथे कापड दुमडून धार येते. दुसरी बसण्याची, जिथे ती धार आणून टेकवायची. दोन्ही रेषांना वेगळा रंग द्या नाहीतर सहाव्या-सातव्या प्लीटला डोकं गरगरतं. मी घडीची पांढऱ्या दोऱ्याने आणि बसण्याची लाल दोऱ्याने घालते.

मोजताना टेप प्रत्येक प्लीटला उचलून नवीन जागी लावू नका. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढी चूक प्रत्येक प्लीटला झाली तर वीस प्लीट्समध्ये अडीच इंच होतात, आणि तेवढ्याने स्कर्ट कमरेतून घसरेल किंवा हुक लागणार नाही. टेपचं शून्य शिवणीच्या रेषेवर लावा, म्हणजे कडेपासून पाऊण इंच आत, टाचणीने घट्ट करा आणि एकाच दमात ५५ इंचांपर्यंत सगळ्या खुणा करा.

खुणा अशा येतात. बसण्याची पहिली रेषा पावणेदोनवर, मग दर साडेपाच इंचांनी: सव्वासात, पावणेतेरा, सव्वाअठरा असं करत शेवटची सव्वाएक्कावन्नवर. घडीची पहिली रेषा पावणेचारवर, मग सव्वानऊ, पावणेपंधरा, सव्वावीस असं करत शेवटची सव्वात्रेपन्नवर. तिथून शिवणीपर्यंत पावणेदोन इंच उरले पाहिजेत, नाही उरले तर मध्ये कुठेतरी टेप सरकलाय, तसंच पुढे जाऊ नका. सुरुवात पावणेदोनने का, तर अशाने जोडाची शिवण बरोबर प्लीटच्या आतल्या घडीत जाऊन लपते. शून्यापासून घडीची रेषा धरली असती तर शिवण नेमकी धारेवर आली असती.

या खुणा तीन जागी करा: तळाला, सीटच्या रेषेवर आणि कमरेच्या रेषेवर. वरच्या कडेपासून १ इंच खाली कमरेची रेषा, तिच्या ८ इंच खाली सीटची. तळ आणि सीट इथे आकडे अगदी तेच. कमरेवर मात्र घडीची रेषा आहे तिथेच ठेवायची आणि बसण्याची रेषा अर्धा इंच पुढे सरकवायची, पुढच्या घडीच्या दिशेने. म्हणजे पावणेदोनऐवजी सव्वादोन, सव्वासातऐवजी पावणेआठ. घडीची रेषा तळापासून वरपर्यंत सरळ उभ्या धाग्यावर राहिली पाहिजे कारण तीच धार लोकांना दिसते आणि उभ्या धाग्यावरची धारच सरळ लोंबते. तिरकी झाली की ती ताणली जाते आणि लाटा मारते. तिरकेपणा जो काय द्यायचा तो आत लपणाऱ्या बाजूला द्या.

तीन खुणा लांब पट्टीने जोडा. खडू वापरत असाल तर साधा टेलरचा मातीचा खडू, धार काढून, उलट बाजूला. मेणाचा खडू नको, इस्त्रीखाली तो वितळून तेलकट डाग पाडतो. इस्त्रीने पुसला जाणारा पेन सध्या सगळ्यांकडे असतो पण गडद कापडावर त्याची फिकट रेघ मागे राहू शकते, तुकड्यावर बघून मगच वापरा. खडूच्या रेघेवरून मोठे धावते टाके घाला, दोन-दोन इंचाचे चालतील, म्हणजे सुलट बाजूने रेषा दिसतात. हे चाळीस रेषांचं काम कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून बसा, पण इथे शॉर्टकट घेतला की इस्त्रीच्या वेळी अंदाजपंचे करावं लागतं.

घड्या घालून कच्चे टाके

कापड सुलट बाजू वर करून पसरा. पांढरी रेषा चिमटीत धरून दुमडा, उचलून तिच्या पुढच्या लाल रेषेवर आणा, तळाला टाचणी, सीटवर टाचणी, कमरेवर टाचणी. सुरुवात तळापासून करा. दुमडताना प्लीटच्या तिन्ही थरांच्या तळाच्या कडा एकाच पातळीत आहेत का बघा. आतला थर बाहेरून खाली डोकावत असेल तर घडी तिरकी पडलीय, ती आत्ताच सोडून परत घाला, कारण तयार स्कर्टमध्ये तळाला हाच दातेरीपणा सगळ्यात आधी डोळ्यात भरतो.

सगळ्या प्लीट्सची तोंडं एकाच दिशेला हवीत हे सांगायला नको. दोन्ही टोकांना अर्धी अर्धी प्लीट उरेल, एकीकडे धार आणि आत वळलेलं पावणेदोन इंच, दुसरीकडे बसण्याच्या रेषेच्या पलीकडची जादा पट्टी. ती चेनच्या प्लीटची आहे, घाबरू नका. धारेच्या टोकाला फक्त घडी घालून ठेवा.

मग तिरके कच्चे टाके, आडव्या ओळींत, सगळ्या थरांमधून: एक ओळ कमरेच्या जरा खाली, एक सीटवर, एक सीट आणि तळाच्या मधोमध आणि एक तळापासून दोन इंच वर. दोरा बारीक घ्या, जाड दोऱ्याचा छाप इस्त्रीत उमटतो. टाके ओढून घट्ट करू नका.

आता टेपने मोजा: कमरेवर ३०, सीटवर ४०, तळाला ४०. कंबर ३१ भरली तर एक-दोन प्लीट्स जास्त आत ढकलून भागवायचा मोह होतो, पण त्या दोन प्लीट्स लगेच वेगळ्या दिसतात. पाच-सहा प्लीट्समध्ये दीड-दीड सूत वाटून टाका.

इस्त्री

इस्त्रीचं टेबल अरुंद असतं, त्यावर ४० इंच मावत नाही. जेवणाच्या टेबलावर किंवा खाली जमिनीवर जाड घोंगडी घालून वर सुती चादर पसरा, आणि पाच-पाच प्लीट्स घेऊन काम करा. स्कर्टचा बाकीचा भाग टेबलावरून लोंबू देऊ नका, त्याच्या वजनाने घड्या ओढल्या जातात, खुर्चीवर आधार द्या.

टेरिकॉटला इस्त्री दोन ठिपक्यांवर, म्हणजे साधारण १५० अंश. तीन ठिपके कॉटनचे असतात, ते २०० च्या आसपास जातं आणि तिथे पॉलिस्टर चकाकायला लागतं, मग कडक होतं, आणि ती चकाकी परत जात नाही. म्हणून सुलट बाजूने थेट इस्त्री कधीच लावायची नाही, मधे ओलं करून घट्ट पिळलेलं सुती कापड ठेवायचं. जुन्या पंचाचा किंवा मऊ धोतराचा तुकडा यासाठी सगळ्यात छान, वाफ भरपूर धरतो आणि पातळ असल्याने खालची घडी चाचपता येते. टाचण्या काढून मगच इस्त्री ठेवा, प्लास्टिकच्या मण्याच्या टाचण्या तर वितळून चिकटतात.

इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची, दाबायची, वाफ येणं थांबेपर्यंत, साधारण ८-१० सेकंद, मग उचलून पुढे ठेवायची. फिरवली की प्लीटचा वरचा थर पुढे ढकलला जातो आणि धार बसण्याच्या रेषेवरून सरकते. तळाकडून सुरू करून सीटच्या रेषेपर्यंत या. सीटच्या वर जिथे प्लीट निमुळती होते तिथे इस्त्रीचं फक्त टोक वापरा, आणि घडी उभ्या धाग्यावर आहे की नाही ते बोटांनी सरळ करत करत दाबा.

आणि इस्त्री उचलल्या उचलल्या ओलं फडकं काढून पोळपाटाची सपाट बाजू त्यावर पालथी घाला, वर हाताने भार द्या. कोरडा आणि स्वच्छ पोळपाट हवा, पिठाचा नको. लाकूड वाफ ओढून घेतं आणि घडी दाबात असतानाच गार होते. धार पक्की होते ती गार होताना, तापताना नाही, आणि इथेच घाई केली जाते. गरम असताना प्लीट उचलून बघितली की जी गोलसर, अर्धवट घडी पडते ती मग तशीच राहते. बोट लावून पूर्ण गार लागलं की मगच पुढच्या पाच प्लीट्स ओढा.

दुसरी भानगड म्हणजे आतल्या घडीचा छाप. वरून दाबल्यावर प्रत्येक प्लीटच्या धारेपासून पावणेदोन इंचावर एक समांतर पुसट रेघ उमटते, आतल्या घडीची, आणि गडद निळ्या किंवा करड्या कापडावर ती लांबून दिसते. त्यासाठी जाड खाकी कागदाच्या, दोन-अडीच इंच रुंद लांब पट्ट्या कापून ठेवा आणि प्रत्येक प्लीटच्या वरच्या थराखाली, म्हणजे वरचा थर आणि आतलं लपलेलं कापड यांच्या मधे, सरकवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

सुलट बाजू झाली की सगळा स्कर्ट पालथा करून उलट बाजूने परत तेच. मग सीटच्या खालच्या ओळींचे कच्चे टाके काढा, कमरेचे आणि सीटचे राहू द्यात, आणि टाक्यांचे छाप घालवायला एकदा हलक्या हाताने ओल्या फडक्यातून वाफ द्या. पाण्यात व्हिनेगर घालायचा सल्ला खूप जण देतात, एक भाग व्हिनेगर तीन भाग पाणी. लोकरीवर आणि कॉटनवर करून बघायला हरकत नाही, रंग जातो का ते तुकड्यावर बघून. टेरिकॉटवर काम करते ती उष्णता आणि गार होणं, व्हिनेगरने मला तरी काही फरक दिसला नाही, घरभर लोणच्याचा वास मात्र येतो.

कमरेपाशी पक्कं करणं

आता प्लीट्स सीटच्या वर जागेवर धरून ठेवायच्यात. नुसत्या बेल्टमध्ये अडकवून सोडल्या तर बारीक अंगाला चालतं, पण कमरेत आणि सीटमध्ये नऊ इंच फरक असेल तर पोटावर प्लीट्स सुटून फुगतात. म्हणून प्रत्येक प्लीटवर धारेला अगदी लागून, अर्ध्या सुतावर, सगळ्या थरांमधून टीप मारायची, कमरेपासून ५ इंच खालपर्यंत. सीट ८ इंचावर आहे, टीप तिथपर्यंत नेऊ नका, बसलं की तिथेच ताण येऊन दोरे तुटतात.

टीप खालून वर मारा, म्हणजे ५ इंचाच्या खुणेपासून कमरेकडे. वरून खाली आलात तर मशीनचा पाय वरचा थर पुढे पुढे ढकलत आणतो आणि टीप संपते तिथे, बरोबर समोर, एक छोटा फुगा तयार होतो. खालून वर गेलं की जे काही सरकतं ते वर जाऊन बेल्टमध्ये लपतं. सुरुवातीला मागे-पुढे करून टीप पक्की करू नका, तिथे दोऱ्यांचा गठ्ठा दिसतो, दोन्ही दोरे सुईने उलट बाजूला काढून गाठ मारा. सुई १४ नंबरची, कमरेपाशी जाड वाटलं तर १६, टाका जरा मोठा, तीन मिलिमीटरपर्यंत. पाचही इंच टीप थोडी तिरकी चाललीय असं दिसेल, कारण प्लीट निमुळती होतेय. तुम्ही फक्त धारेकडे बघा.

दोन्ही टोकांच्या अर्ध्या प्लीट्सना सगळ्या थरांतून टीप मारता येणार नाही, तिथून उघडझाप व्हायचीय. धारेच्या टोकाला फक्त धार आणि तिचा आत वळलेला थर एवढ्या दोनांतूनच टीप मारा, म्हणजे बाहेरून सगळ्या प्लीट्स सारख्या दिसतात.

मग कमरेच्या रेषेच्या एक सूत वर, मायेत, सगळ्या थरांमधून मशीनची एक सलग टीप, आणि तिच्या पाव इंच वर आणखी एक. या दोन टिपांमुळे बेल्ट लावताना एकही प्लीट उलटत नाही. आता अंगावर धरून बघा, कडा टाचणीने जोडून. आरशात बाजूने बघताना तळ मागे खाली आलेला दिसला तर मागच्या मध्यावर कमरेची रेषा अर्धा इंच खाली घ्या आणि बाजूंकडे नेऊन शून्य करा, बऱ्याच जणींच्या अंगाला हे लागतं. खुर्चीवर बसून बघा. सीटवर प्लीट्स उघडून आतलं कापड दिसत असेल तर सीटचं माप कमी घेतलं गेलंय, टिपा एक-दीड इंच वरच थांबवल्या तर थोडं निभावतं, पण खरा उपाय म्हणजे प्रत्येक प्लीटमधून दीड-दोन सूत बाहेर सोडणं, आणि मग त्या भागाची इस्त्रीही नव्याने.

उघडी बाजू आता जोडा. वरून ८ इंच सोडून खाली पाऊण मायेने शिवण, आणि वरच्या भागात साधी ७ इंची चेन, तिचं डोकं कमरेच्या रेषेच्या जरा खाली. ही शिवण प्लीटच्या आतल्या घडीत असल्यामुळे चेन बाहेरून दिसतच नाही, लपवी चेन घ्यायची गरज नाही. तळाची सोडलेली तुरपाई पूर्ण करा आणि या शेवटच्या प्लीटला पण इतरांसारखीच इस्त्री द्या.

बेल्टच्या पट्टीला उलट बाजूने चिकटणारा कॅनव्हास लावा, नुसत्या कापडाचा बेल्ट प्लीट्सच्या वजनाने गुंडाळला जातो. बेल्टची तयार लांबी ३० अधिक सव्वादोन, म्हणजे सव्वाबत्तीस, कारण चेनच्या प्लीटच्या खाली जी जादा पट्टी जाते तिच्यावरही बेल्ट हवा. एक टोक धारेच्या प्लीटशी बरोबर जुळतं, दुसरं सव्वादोन इंच आत जातं. सुलट बाजूला सुलट लावून कमरेच्या रेषेवर शिवा, स्कर्ट खाली आणि बेल्ट वर ठेवून नाही, तर स्कर्ट वर ठेवून, म्हणजे प्लीट्सचे थर डोळ्यासमोर राहतात. शिवल्यावर आतली माया पायरीसारखी कापा, आतले थर पाव इंच, बाहेरचा अर्धा, सगळे एकाच लांबीचे ठेवले तर बेल्टखाली दोरीसारखी उंच कड उभी राहते. बेल्ट आत दुमडून हाताने तुरपाई करा, धारेच्या टोकाला पॅंटचा चपटा हुक आणि आतल्या टोकाला टिचबटण.

आता राहिलेले कच्चे टाके काढा आणि स्कर्ट बेल्टला दोन क्लिप लावून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी समोरून बघा: धारा सरळ खाली आणि तळाला बंद असतील तर झालं. फक्त तळाला फाकत असतील तर इस्त्री गार व्हायच्या आत उचलली गेलीय, तेवढा भाग परत दाबा. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या असतील तर मूळ कापच तिरका गेलाय, ते इस्त्रीने सुटत नाही. धुताना प्लीट्स मिटलेल्या असतानाच सीटवर आणि तळाजवळ दोन ओळी मोठे टाके घालून घ्या, हाताने धुवा, पिळू नका, बेल्टला क्लिप लावून निथळत टांगा आणि वाळल्यावर टाके काढायच्या आधीच वाफेची एक इस्त्री द्या.